रि-रिफाइंड इंजिन ऑईल घ्यावं का? सोलापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऊस वाहतुकीचा हंगाम तोंडावर आला की हे प्रश्न वाढतात. विचारणारे बहुतेक ट्रॅक्टरवाले, दोन-चार ट्रक असलेले मालक आणि गॅरेज चालवणारे असतात. त्यामुळे खालची उत्तरं मुख्यतः डिझेल इंजिनाच्या १५डब्ल्यू-४० ऑईलला धरून आहेत. दुचाकी, कार आणि पॉवरलूमबद्दलही शेवटाकडे थोडं आहे.

रि-रिफाइंड म्हणजे जुनंच काळं ऑईल गाळून डब्यात भरतात ना?

गाळून भरलेलं ऑईलही बाजारात मिळतं, आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. दुकानात दोन अगदी वेगळ्या वस्तूंना सरसकट ‘रिसायकल ऑईल’ म्हटलं जातं. पहिल्या प्रकारात काळं ऑईल तापवून त्यातलं पाणी उडवतात, गाळतात, माती घालून रंग उजळवतात आणि सुटं विकतात. दुसऱ्या प्रकारात काळं ऑईल रिफायनरीसारख्या कारखान्यात निर्वात पोकळीत उकळून त्याची वाफ करतात. ती वाफ थंड करून मिळालेल्या तेलावर हायड्रोजनची प्रक्रिया होते. त्यातून पुन्हा बेस ऑईल, म्हणजे इंजिन ऑईलमधलं मूळ तेल, तयार होतं आणि त्यात नवी ॲडिटिव्हज म्हणजे पूरक रसायनं घालून इंजिन ऑईल बनवतात. रि-रिफाइंड म्हणायचं ते या दुसऱ्यालाच.

पहिलं ऑईल इंजिनात घालू नका. दुसरं घ्यायला हरकत नाही, पण काही अटी आहेत. या पानावरचं बाकी सगळं त्या अटींबद्दलच आहे.

एकदा इंजिनात जळालेलं ऑईल परत नव्यासारखं होईलच कसं?

‘जळालेलं ऑईल’ हा आपला बोलण्यातला शब्द आहे. प्रत्यक्षात त्यातलं तेल फार थोडं जळतं. इंजिन ऑईलमध्ये साधारण ७५ ते ८५ टक्के बेस ऑईल असतं आणि उरलेली ॲडिटिव्हज. काजळी साचू न देणारं, आम्ल मारणारं, धातूवर झिजरोधक थर धरणारं आणि गरम झाल्यावर ऑईल फार पातळ होऊ न देणारं अशी वेगवेगळ्या कामांची रसायनं त्यात असतात. अडीचशे तास चाललेल्या ट्रॅक्टरच्या ऑईलमध्ये ही रसायनं बरीच संपलेली असतात. त्याशिवाय काजळी, थोडं डिझेल, थोडं पाणी, धूळ आणि धातूचे कण त्यात मिसळलेले असतात. बेस ऑईलच्या काही भागाचं ऑक्सिडेशनही झालेलं असतं, पण त्याचा मोठा हिस्सा अजून धड असतो. चादर मळली म्हणून सूत बाद होत नाही, तसंच हे आहे. प्रश्न फक्त धुलाई किती नीट झाली एवढाच.

एक फायदा तर लक्षातच येत नाही. कच्च्या तेलापासून बेस ऑईल बनवताना त्यातलं मेण काढावं लागतं, आणि ते खर्चिक काम आहे. वापरलेल्या ऑईलमधलं मेण पहिल्यांदाच निघालेलं असतं, त्यामुळे ही पायरी वाचते.

कारखान्यात नेमकं काय करतात?

आलेल्या टँकरमधला नमुना आधी तपासतात. वापरलेलं ऑईल रि-रिफायनिंगला चालेल की नाही, याच्या मर्यादा भारताच्या घातक कचरा नियमांत दिल्या आहेत. उदाहरणार्थ, शिसं दहा लाख भागांत १०० भागांच्या आत हवं आणि पीसीबी २ भागांपेक्षा कमी. पीसीबी हे जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या तेलात वापरलं जायचं. भंगारातल्या अशा ट्रान्सफॉर्मरचं तेल कुणी काळ्या ऑईलच्या बॅरलमध्ये ओतलं, तर पूर्ण टँकर नाकारला जाऊ शकतो. कूलंटचं आणि ब्रेक ऑईलचंही तसंच. गॅरेजमध्ये एकच ड्रम ठेवून सगळं त्यात ओततात, तिथेच माल बिघडतो.

माल पास झाला की तो तापवून पाणी उडवतात. नंतर जास्त तापमानाला पेट्रोल-डिझेलचा अंश काढतात. ही पायरी अर्धवट राहिली तर पुढच्या ऑईलमध्ये हलके अंश शिल्लक राहतात. मग त्याचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे त्याची वाफ पेट घेऊ शकते ते तापमान, खाली येतो आणि गरम इंजिनात ते वाफ होऊन उडत राहतं.

खरं काम पुढे आहे. निर्वात पोकळीत उत्कलनबिंदू खाली येतो, म्हणून तेलाचे रेणू न तुटता सुमारे ३०० ते ३५० अंशांत त्याची वाफ होते. चांगल्या कारखान्यांत गरम भिंतीवर तेलाचा पातळ थर पसरवून हे करतात, म्हणजे तेल फार वेळ तापत राहत नाही. वाफ वर जाते. काजळी, धातू, जुनी ॲडिटिव्हज आणि पॉलिमर खाली डांबरासारखे उरतात, आणि तो गाळ डांबराच्या उद्योगात वापरला जातो. म्हणजे इथे घाण गाळून काढत नाहीत, तेलच घाणीपासून उचलून घेतात. कितीही बारीक फिल्टर लावला तरी विरघळलेलं डिझेल, आम्ल आणि जुनी ॲडिटिव्हज त्यातून आरपार जातात. गाळलेल्या ऑईलची मर्यादा ती हीच.

वाफेपासून मिळालेलं तेल अजून पिवळट-तपकिरी असतं आणि त्याला वास येतो. त्यात गंधक, नायट्रोजन आणि ऑक्सिजनची संयुगं शिल्लक असतात. यानंतर दोन वाटा आहेत. स्वस्त वाट म्हणजे विशिष्ट माती घालून ती संयुगं शोषून घेणं. महागडी वाट म्हणजे उत्प्रेरकावर, ३०० अंशांच्या वर आणि मोठ्या दाबाखाली हायड्रोजन देणं. हायड्रोजन गंधक बाहेर काढतो आणि अस्थिर रेणूंना संपृक्त करतो, म्हणजे ते पुढे सहज ऑक्सिडाइझ होत नाहीत. माती ही दुसरी गोष्ट करू शकत नाही. आपल्या नियमांत निर्वात ऊर्ध्वपातनानंतर मातीची प्रक्रिया चालते. गंधकाच्या आम्लाची जुनी पद्धत मात्र चालत नाही, कारण तिच्यातून आम्लाचा घातक चिखल उरतो.

शंभर लिटर काळ्या ऑईलपासून साधारण साठ ते सत्तर लिटर बेस ऑईल मिळतं.

मग हे व्हर्जिन बेस ऑईलपेक्षा कमी प्रतीचं का?

व्हर्जिन म्हणजे थेट कच्च्या तेलापासून बनवलेलं. त्यातल्या कोणत्या व्हर्जिनपेक्षा, यावर ते अवलंबून आहे. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट म्हणजे एपीआय ही संस्था बेस ऑईलचे गट पाडते. पहिल्या गटात संपृक्त रेणू ९० टक्क्यांपेक्षा कमी असतात किंवा गंधक ०.०३ टक्क्यांपेक्षा जास्त असतं. दुसऱ्या गटात संपृक्त रेणू ९० टक्के किंवा त्याहून जास्त आणि गंधक ०.०३ टक्क्यांच्या आत असतं. तिसऱ्या गटाचा व्हिस्कॉसिटी इंडेक्स १२० किंवा त्याहून वर असतो, आणि डब्यावर ‘सिंथेटिक’ लिहिलेलं पुष्कळसं ऑईल त्यातून बनतं.

चांगली हायड्रोजन प्रक्रिया झालेलं रि-रिफाइंड बेस ऑईल दुसऱ्या गटात बसतं. म्हणजे पहिल्या गटातल्या व्हर्जिन बेस ऑईलपेक्षा ते सरस असू शकतं. हे ऐकून लोक चकित होतात, पण कारण साधं आहे. आजकाल गाड्यांमध्ये दुसऱ्या आणि तिसऱ्या गटाचंच ऑईल जास्त पडतं, म्हणजे ड्रममध्ये येणारा कच्चा माल आधीच चांगल्या प्रतीचा असतो.

माती मारलेलं बेस ऑईल बहुतेक पहिल्या गटाच्या आसपास राहतं. गंधक आणि अस्थिर रेणू त्यात जास्त उरतात, त्यामुळे ते लवकर काळवंडतं आणि त्याची वार्निश धरते.

एका बाबतीत व्हर्जिन पुढे आहे, ती म्हणजे सातत्य. व्हर्जिन रिफायनरीचा कच्चा माल ठरलेला असतो. रि-रिफायनरीकडे आज ट्रकचं ऑईल येतं, उद्या कारखान्याचं हायड्रॉलिक ऑईल येतं. चांगला कारखाना प्रत्येक बॅच तपासून हा फरक सांभाळतो, लहान कारखान्याला ते जमतंच असं नाही. दुसरी मर्यादा जाड तेलाची. सर्वांत जड रेणू गाळाबरोबर खाली जातात, म्हणून रि-रिफायनरीतून पातळ आणि मध्यम बेस ऑईल भरपूर मिळतं, पण फार जाड मिळत नाही. गियर बॉक्सच्या १४० ग्रेडसाठी व्हर्जिनच लागतं.

सोलापूरच्या उन्हाळ्यात टिकेल का? एप्रिल-मेमध्ये इथे ४२-४३ अंश असतं.

हवेचं तापमान ४३ असो की २८, इंजिन तापल्यावर सम्पमधलं ऑईल साधारण ९० ते ११० अंशांवर असतं आणि पिस्टनच्या रिंगजवळ त्याहून कितीतरी जास्त. उन्हाळ्याने फरक पडतो तो रेडिएटरवर ताण आल्यामुळे. तरीही योग्य ग्रेडचं रि-रिफाइंड ऑईल या तापमानासाठीच बनलेलं असतं.

उन्हाळ्यापेक्षा ऑईल उडून जाण्याकडे लक्ष द्या. यासाठी नोआक नावाची चाचणी आहे. ऑईल २५० अंशांना एक तास ठेवतात आणि वजन किती टक्के घटलं ते पाहतात. एपीआयच्या सीआय-४ या डिझेल ऑईलच्या दर्जाच्या १५डब्ल्यू-४० साठी ही घट १५ टक्क्यांच्या आत हवी. हलके अंश नीट न काढलेलं ऑईल इथेच उघडं पडतं. ट्रॅक्टरवाल्याला ते डिपस्टिकवर दिसतं: गळती नसताना लेव्हल उतरत जाते.

ट्रॅक्टरचा हिशोब करून दाखवा. खरंच किती वाचतात?

समजा मोहोळ तालुक्यातला एक ट्रॅक्टर आहे. गाळप हंगामात तो दोन ट्रॉल्यांनी ऊस ओढतो आणि उरलेल्या वर्षात नांगरट करतो. वर्षाला मीटर १,००० तास पुढे जातो. सम्पमध्ये ८ लिटर ऑईल बसतं आणि कंपनीच्या पुस्तकात २५० तासांनी बदल सांगितला आहे. म्हणजे वर्षाला ४ बदल आणि ३२ लिटर ऑईल. फिल्टर ३०० रुपयांचा. भाव दर महिन्याला बदलतात, म्हणून खालचे आकडे फक्त हिशोबासाठी धरा आणि तुमच्या दुकानातले भाव त्यात घाला.

व्हर्जिन बेस ऑईलचं नामांकित सीआय-४ प्लस ३०० रुपये लिटर धरलं तर ऑईलचे ९,६०० आणि फिल्टरचे १,२००, मिळून १०,८०० रुपये. त्याच दर्जाचं रि-रिफाइंड २५० रुपये लिटर धरलं तर ८,००० आणि १,२००, मिळून ९,२००. वर्षाला १,६०० रुपये वाचले. रक्कम मोठी नाही, पण एका फिल्टरसह ऑईल बदलायचा बराचसा खर्च त्यातून निघतो.

आता सुटं ‘रिसायकल’ १२० रुपयांनी. ते घेणारा शहाणा माणूस स्वतःच सांगतो, “भाऊ, हे सव्वाशे तासांतच बदलायचं.” म्हणजे ८ बदल, ६४ लिटर, ७,६८० रुपये, आणि प्रत्येक वेळी फिल्टर बदलला तर २,४०० आणखी. एकूण १०,०८०. रि-रिफाइंडपेक्षा हे ८८० रुपयांनी महाग पडलं, शिवाय चार वेळा जास्त खाली झोपून बोल्ट खोलावा लागला.

मोह होतो तो यापुढच्या गणिताचा. तेच सुटं ऑईल घालायचं आणि बदल मात्र २५० तासांनीच करायचा. मग खर्च फक्त ५,०४० रुपये येतो आणि व्हर्जिनच्या तुलनेत वर्षाला ५,७६० वाचलेले दिसतात. पण रिंगा चिकटल्या, लायनर घासले आणि हाफ इंजिनचं काम निघालं, तर समजा ३० हजार गेले. पाच वर्षांची बचत एका कामात संपली. त्यात हे काम निघतं नेमकं डिसेंबर-जानेवारीत, कारखान्याच्या यार्डात ट्रॉल्या नंबरला लावलेल्या असताना.

रि-रिफाइंडच्या हिशोबातही एक गोष्ट तपासा. दोन बदलांच्या मध्ये एक लिटर जास्तीचं टॉपअप लागायला लागलं, तर वर्षाला ४ लिटर म्हणजे १,००० रुपये गेले. १,६०० पैकी ६०० उरले. म्हणून ब्रँड बदलताना पहिल्या २५० तासांत किती टॉपअप लागलं ते लिहून ठेवा. आधीच्या ऑईलला लागायचं तेवढंच लागलं, तर हा ब्रँड ठेवा. दुप्पट लागलं तर सोडा, भाव कितीही चांगला असो. आणि दोन्हींच्या भावात लिटरमागे २० रुपयांचासुद्धा फरक नसेल, तर माझ्या मते बदलायच्या भानगडीत पडू नये.

हंगामात ट्रॅक्टर यार्डात तासन्‌तास चालू उभा असतो. तेव्हा काही वेगळं करायचं का?

हो. यार्डात नंबर लागेपर्यंत इंजिन आयडलवर चालतं, तेव्हा ज्वलन अर्धवट होतं. काजळी वाढते आणि थोडं डिझेल रिंगांजवळून खाली सम्पमध्ये उतरतं. मीटर मात्र आयडलवर सावकाश पुढे जातो, कारण बऱ्याच ट्रॅक्टरांचे यांत्रिक मीटर इंजिनाच्या फेऱ्यांवर चालतात. म्हणजे मीटरवर २५० दिसतात तेव्हा इंजिन प्रत्यक्षात त्याहून जास्त तास चाललेलं असतं. ऑईल व्हर्जिन असो की रि-रिफाइंड, हंगामात बदल २०० तासांवर आणा.

डबा हातात घेतल्यावर काय बघायचं?

आधी दर्जा बघा. ‘हेवी ड्यूटी’, ‘सुपर’, ‘टर्बो गोल्ड’ हे शब्द कुणीही छापू शकतो. ग्रेड (१५डब्ल्यू-४०) आणि दर्जा (सीआय-४ प्लस, सीके-४ वगैरे) स्पष्ट छापलेला हवा आणि तो तुमच्या गाडीच्या पुस्तकाशी जुळायला हवा. नुसतं ‘४० नंबर डिझेल ऑईल’ लिहिलेलं असेल, तर डबा परत ठेवा.

मग बॅच नंबर, तारीख, उत्पादकाचा पूर्ण पत्ता. बॅच नंबर असेल तर त्या बॅचचा तपासणी अहवाल मागता येतो. घाऊक २०९ लिटरचं बॅरल घेणाऱ्याने तो मागितलाच पाहिजे. अहवालात चार गोष्टी बघा: १०० अंशांना व्हिस्कॉसिटी (१५डब्ल्यू-४० साठी १२.५ ते १६.३ सेंटीस्टोक), फ्लॅश पॉइंट (२०० अंशांच्या वर असलेला बरा), टीबीएन म्हणजे आम्ल मारायची ताकद (सीआय-४ ऑईलला साधारण १० च्या आसपास) आणि नोआक. विक्रेता नोआक देऊ शकत नसेल, तर पुढचा प्रश्न विचारा: बेस ऑईल कोणत्या गटाचं, आणि प्रक्रिया हायड्रोजनची की मातीची? उत्तर आलं तर बोलणी पुढे न्या. “साहेब, सगळे हेच घेतात” हे उत्तर नव्हे.

एपीआयचा गोल शिक्का असेल तर उत्तम. तो शिक्का देताना बेस ऑईल व्हर्जिन आहे की रि-रिफाइंड, असा भेद केला जात नाही. इंजिनच्या चाचण्या दोघांना सारख्याच असतात. त्यामुळे तुम्ही व्हर्जिन समजून घेता त्या डब्यातही रि-रिफाइंडचा अंश असू शकतो.

घरच्या घरी ओळखता येईल का? रंगावरून, वासावरून?

रंगावर जाऊ नका, रंग घालता येतो. वासाचा थोडा उपयोग होतो. जळकट किंवा डिझेलसारखा उग्र वास आला तर ऑईल परत करा. चांगल्या रि-रिफाइंडला व्हर्जिनपेक्षा वेगळा वास जवळजवळ नसतोच.

सुट्या ऑईलबद्दल शंका असेल तर एक सोपी गोष्ट करता येते. स्वच्छ काचेच्या बाटलीत थोडं ऑईल भरून ती खिडकीत उन्हात दोन-तीन आठवडे ठेवा. शेजारी चांगल्या कंपनीच्या ऑईलची तशीच बाटली ठेवा. नुसतं माती मारून उजळवलेलं तेल उन्हात काळवंडायला लागतं, तळाला गढूळपणाही येऊ शकतो. हा काही प्रयोगशाळेचा अहवाल नव्हे, पण दोन बाटल्या शेजारी ठेवल्या की फरक डोळ्यांना दिसतो.

पाणी तपासायचं तर लोखंडी पळी चांगली तापवून त्यावर थेंब टाका. तडतडलं तर पाणी आहे. पळीपासून तोंड लांब ठेवा.

खरी खात्री हवी असेल, तर वापरलेल्या ऑईलचा नमुना तपासून घ्या. दोन-चार ट्रक असणाऱ्याला ते परवडतं. पुण्यात अशा मान्यताप्राप्त लॅब आहेत. ऑईल बदलताना इंजिन गरम असावं आणि धार सुरू होऊन थोडं ऑईल वाहून गेल्यावर मधलं ऑईल स्वच्छ बाटलीत घ्यावं. अहवालात व्हिस्कॉसिटी १२.५ च्या खाली गेली असेल, तर बहुतेक डिझेल मिसळतंय. टीबीएन नव्याच्या निम्म्यावर आला असेल, तर बदलायची वेळ बरोबर होती. लोह वाढलं तर लायनर किंवा रिंगा घासताहेत. सिलिकॉन आणि लोह बरोबरच वाढलं, तर दोष ऑईलला देऊ नका, एअर फिल्टर किंवा त्याचा होज बघा. आपल्याकडे काळ्या मातीची धूळ इतकी असते की ऑईलवर फोडलेलं खापर पुष्कळदा एका सैल क्लॅम्पचं निघतं.

आधीच्या ऑईलमध्ये टॉपअप म्हणून टाकलं तर फाटेल का?

दोन्हींचा ग्रेड आणि दर्जा सारखा असेल तर फाटत नाही. दोन्ही खनिज तेलंच आहेत. पण पहिल्या वेळी पूर्ण बदल करा, म्हणजे टॉपअपचा हिशोब नीट कळेल.

बुलेट, स्प्लेंडर, ॲक्टिव्हा?

स्प्लेंडर, ॲक्टिव्हाला एक लिटरच्या आसपास ऑईल लागतं, बुलेटला त्याहून जास्त. एवढ्यावर थोडेसे रुपये वाचवायला ब्रँड बदलण्यात अर्थ नाही. बुलेट, स्प्लेंडरसारख्या गियरच्या बाइकमध्ये क्लच त्याच ऑईलमध्ये बुडालेला असतो, म्हणून जासो एमए किंवा एमए-२ लिहिलेलंच हवं. ट्रॅक्टरचं उरलेलं ऑईल बाइकमध्ये ओतायची सवय असेल तर ती सोडा.

बीएस-६ कारला चालेल?

नव्या पेट्रोल कारला ०डब्ल्यू-१६ किंवा ०डब्ल्यू-२० लागत असेल, तर त्याला तिसऱ्या गटाचं किंवा त्याहून वरचं बेस ऑईल लागतं, आणि रि-रिफाइंडमध्ये ते सहसा मिळत नाही. बीएस-६ डिझेलला धूर गाळणारा डीपीएफ असतो. त्यात ऑईलची राख अडकते, म्हणून कमी राखेचं सीके-४ किंवा कंपनीने सांगितलेलं ऑईलच घाला. राख बेस ऑईलमुळे होत नाही, ॲडिटिव्हजमुळे होते. त्यामुळे रि-रिफाइंड की व्हर्जिन हा प्रश्न इथे दुय्यम आहे. वॉरंटीत गाडी असेपर्यंत कंपनीने सांगितलेलंच घाला आणि बिल जपून ठेवा.

पॉवरलूमला आणि कारखान्यातल्या मशिनांना?

लूमच्या बेअरिंगला आणि गियरला इंजिनासारखी उष्णता, काजळी सोसावी लागत नाही. तिथे चांगलं रि-रिफाइंड अडचणीशिवाय चालतं. अक्कलकोट रोडच्या लूमवाल्यांनी एकच पाहायचं: टॉवेलवर, चादरीवर डाग पडला तर तो धुऊन निघतो का. त्यासाठी ऑईल फिकट हवं, आणि डाग सहज धुऊन निघेल असं म्हणून विकलेलं खास लूम ऑईल हवं. ड्रम घेण्याआधी कापडाच्या तुकड्यावर थेंब टाका, दोन दिवस तसाच ठेवा आणि मग धुवा.

हायड्रॉलिक प्रेसला मशिनच्या पुस्तकातला दर्जा जुळत असेल तर घ्या.

माझं काळं ऑईल कुणाला देऊ? भंगारवाला चांगला भाव देतो.

भाव चांगला मिळतो, कारण ते भट्टीत जाळायला जातं किंवा वर सांगितलेलं सुटं ऑईल बनून परत आपल्याच दुकानात येतं. काही सेंट्रिंगच्या प्लेटांना फासलं जातं, काही दाराच्या चौकटीला वाळवी लागू नये म्हणून. जाळलं तर त्यातले धातू धुरातून बाहेर पडतात, जमिनीत ओतलं तर विहिरीपर्यंत पोहोचतात.

वापरलेलं ऑईल कायद्याने घातक कचऱ्यात येतं. ते प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी असलेल्या रि-रिफायनरीला किंवा तिच्या अधिकृत संकलकाला द्यायचं असतं. मंडळाचं कार्यालय सोलापुरातही आहे, तिथे परवानाधारकांची माहिती विचारता येते. १ एप्रिल २०२४ पासून नवं ऑईल विकणाऱ्या कंपन्यांवरही ठराविक प्रमाणात वापरलेल्या ऑईलचं पुनर्चक्रीकरण करवून घ्यायची जबाबदारी आली आहे. त्यामुळे चांगल्या काळ्या ऑईलला मागणी वाढेल, अशी माझी अपेक्षा आहे. गॅरेजवाल्याने इंजिन ऑईलचा ड्रम वेगळा ठेवला, त्यात कूलंट, ब्रेक ऑईल आणि पेट्रोलने धुतलेलं पाणी येऊ दिलं नाही, तर संकलकाशी भावाची बोलणी करता येते.

आणि रिकामे डबे?

नामांकित कंपनीचा रिकामा डबा चांगल्या स्थितीत असेल, तर तो भरून पुन्हा विकला जाऊ शकतो. भंगारात द्यायच्या आधी तळाला खिळ्याने भोक पाडा आणि लेबलवर चाकूने आडवा काप मारा. गॅरेजमध्ये ऑईल बदलून घेत असाल, तर सील तुमच्यासमोर तोडायला सांगा आणि रिकामा डबा स्वतः मागून घ्या. चांगला मेकॅनिक रागावत नाही.